वर्गातले तक्ते, एआयची चित्रं आणि मोठ्या बाईंना दिलेलं एक पत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या मुख्याध्यापिकांना मी एक पत्र दिलं: वर्गातल्या तक्त्यांवरची काही चित्रं एआयकडून काढून घेऊ का, आणि घ्यायची तर कोणती बंधनं पाळायची. पुढे शिक्षण परिषदेत त्या पत्राला जोडलेला नमुना तक्ता दाखवला आणि तेव्हापासून केंद्रातल्या शिक्षकांचे तेच ते प्रश्न फोनवर येतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

तयार तक्ते दुकानात मिळतात. मग हा खटाटोप कशाला?

दुकानातला तक्ता सगळ्या महाराष्ट्राला एकच. आमच्या शाळेच्या मागे लिंबाचं झाड आहे आणि पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या असतात. मुलं त्या काडीनं डिवचतात, मग अळी डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सुटतो. हे सगळ्या वर्गाला पाठ आहे. पण वर्गातल्या तक्त्यावरचं फुलपाखरू भलतंच होतं, नारिंगी-काळं, आणि त्याची अळी पट्ट्यापट्ट्यांची. एका मुलानं विचारलं, "बाई, आपल्या लिंबावरची कुठंय?" ती नव्हतीच.

मी चित्रं काढू शकते, पण अळीचे पाय नीट दिसतील इतकी चांगली नाही. स्केचपेननं कार्डशीटवर एक तक्ता करायला माझा रविवार जातो. म्हणून विचार केला, चित्राचा भाग यंत्राकडून घेता आला आणि बाकीचं आपल्या हातात राहिलं, तर आपल्या आवारातल्या गोष्टींचे तक्ते करता येतील.

तोंडी विचारलं असतं तर चाललं नसतं का?

आमच्या मोठ्या बाई नाही म्हणाल्या नसत्या. पण तोंडी परवानगीत बंधनं राहत नाहीत. उद्या दुसऱ्या वर्गाच्या सरांनी त्याच परवानगीवर मुलांचे फोटो कुठल्या तरी ॲपमध्ये टाकले, तर "मॅडमनी हो म्हटलं होतं" एवढंच उरतं. कागदावर असलं की काय करायचं नाही हेही लिहिलेलं असतं. शिवाय पालकांनी विचारलं, केंद्रप्रमुखांनी विचारलं, तर फाइलमधून काढून दाखवता येतं.

पत्रात नेमकं काय लिहिलं होतं?

शाळेचं नाव वगळून जसंच्या तसं देते. हवं तर उचला, पण सोबतचा नमुना मात्र तुमचा तुम्ही करा. पत्राचं सगळं वजन त्या नमुन्यातच होतं.

प्रति,
मा. मुख्याध्यापिका यांस सविनय सादर.

विषय: वर्गातील तक्त्यांसाठी एआय साधनाने काढलेली चित्रे वापरण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंती करते की, इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासासाठी या सत्रात सहा तक्ते तयार करायचे आहेत. त्यांतील प्राणी, वनस्पती व परिसरातील वस्तूंची चित्रे एआय साधनाने काढून घेण्याचा माझा विचार आहे. तक्त्यावरील सर्व मजकूर मी स्वतः टंकलिखित करेन. बाण व क्रमांकही मीच घालेन.

पुढील गोष्टी या साधनाने करणार नाही: भारताचा किंवा महाराष्ट्राचा नकाशा, राष्ट्रध्वज व राजमुद्रा, थोर व्यक्तींची चित्रे. कोणत्याही विद्यार्थ्याचा फोटो, नाव किंवा आवाज साधनात घालणार नाही. विद्यार्थ्यांना हे साधन वापरायला देणार नाही.

प्रत्येक तक्ता भिंतीवर लागण्यापूर्वी दुसऱ्या एका शिक्षकाने तपासून मागच्या बाजूस सही करावी, अशी सूचना आहे. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात 'चित्र एआय साधनाने, मजकूर व तपासणी शिक्षकांची' असे लिहिले जाईल. चूक आढळल्यास तक्ता त्याच दिवशी उतरवला जाईल.

सोबत एक तयार तक्ता व तो करताना बिघडलेल्या सात चित्रांच्या प्रती जोडल्या आहेत. बिघडलेली चित्रे कृपया आधी पाहावीत.

आपली विश्वासू,
(वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी)

बिघडलेली चित्रं स्वतःहून का जोडलीत? त्यानं उलट परवानगी नाकारली गेली असती.

नुसता छान तक्ता नेला असता तर बाई म्हणाल्या असत्या, "वा, सुंदर!" आणि सही केली असती. मग पुढच्या महिन्यात कुणीतरी पाच पायांचा बेडूक भिंतीवर लावला असता. चूक कशी दिसते हे परवानगी देणाऱ्या माणसाला माहीत हवं. ही चित्रं इतकी तकतकीत असतात की नजर फसते. माणसानं काढलेल्या कच्च्या चित्रात चूक असली तर ते चित्र कच्चंच दिसतं. इथे चूकही पूर्ण रंगवलेली, सावलीसकट येते.

नमुना तक्ता कसा केला? पायरीपायरीनं सांगाल का?

सांगते, आणि जरा लांबण लावूनच सांगते, कारण खरी मजा आणि खरा धोका इथेच आहे.

पहिल्या दिवशी मी साधनाला मराठीत लिहिलं, 'फुलपाखराचे जीवनचक्र दाखवणारा शालेय तक्ता'. आलेलं चित्र पाहून पहिल्यांदा हरखले. मग तपासायला बसले. चार अवस्थांऐवजी पाच होत्या, कारण अळी दोनदा आली होती. एक बाण कोषाकडून परत अळीकडे जात होता. फुलपाखरू होतं अमेरिकेत प्रसिद्ध असलेलं मोनार्क, तेच नारिंगी-काळं. कोष पानाला उलटा टांगलेला. आणि अक्षरं म्हणजे देवनागरीची भुतं.

असं का होतं हे समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. या साधनांना करोडो चित्रं आणि त्यांच्याखालची वर्णनं दाखवून तयार केलेलं असतं. 'फुलपाखराचं जीवनचक्र' या नावाखाली जगभरात सर्वांत जास्त जे चित्र सापडतं, ते मोनार्कचं. त्यामुळे नाव न सांगता मागितलं की तेच येणार. साधनाला फुलपाखरू माहीत नसतं, फुलपाखराच्या चित्रांची सवय माहीत असते.

म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या. एक, पूर्ण तक्ता मागायचाच नाही, एका वेळी एकच अवस्था मागायची. दोन, फुलपाखराचं शास्त्रीय नाव द्यायचं. लिंबावर आणि कडीपत्त्यावर नेहमी दिसणाऱ्या त्या काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या फुलपाखराचं शास्त्रीय नाव आहे पॅपिलिओ डेमोलियस. मोठ्या अळीसाठी मी हे टाइप केलं:

```
Papilio demoleus caterpillar, last stage, green, on a lime leaf,
side view, plain white background, no text
```

शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. ते विसरलं की कोपऱ्यात कुठेतरी अक्षरांसारखं काहीतरी उगवतं.

मग प्रत्येक चित्र खऱ्या गोष्टीशी ताडून पाहिलं. अंडं फिकट पिवळं, गोल, कोवळ्या पानावर एकेकटं. साधनानं पंधरा अंड्यांचा पुंजका दिला, तो टाकला. लहान अळी काळपट आणि मध्ये पांढरट, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणूनच पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. हे चित्र साधनाला काही केल्या जमलं नाही. पाच वेळा मागून पाहिलं, दर वेळी तीच हिरवी अळी नुसती लहान करून दिली. शेवटी मी आमच्याच झाडावरच्या अळीचा मोबाइलनं फोटो काढला आणि तोच चिकटवला. तक्त्यावरची सर्वांत चांगली जागा आज तीच आहे.

कोषाची गंमत बघा. या फुलपाखराचा कोष उलटा लोंबत नाही. शेपटीचं टोक फांदीला चिकटलेलं, डोकं वर, आणि कमरेभोवती रेशमी धाग्याचा एक फास. झाडावर चढणारा माणूस कमरेला दोर बांधून मागे रेलतो, अगदी तसा. साधनानं पहिले दोन कोष उलटे टांगले. तिसऱ्या वेळी मी धाग्याचं वर्णन लिहिलं तेव्हा बरा आला, पण धागा कोषाच्या आरपार गेला होता. तो मी चित्र दुरुस्त करायच्या साध्या ॲपमध्ये खोडून हातानं काढला.

शेवटी फुलपाखरू. पाय मोजले, सहा हवेत. पहिल्या चित्रात एका बाजूलाच चार होते. मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात लाल ठिपका हवा, तो होता. पण या गटातल्या बऱ्याच फुलपाखरांना मागच्या पंखांना शेपट्या असतात आणि आपल्या या फुलपाखराला नसतात. साधनानं शेपट्या दिल्या होत्या. पुन्हा मागितलं.

एकूण चार चित्रांसाठी दोन संध्याकाळी गेल्या. म्हणजे वेळ वाचतो असं म्हणू नका. हातानं काढण्यापेक्षा थोडा कमी लागतो, आणि त्यातला निम्मा तपासण्यात जातो.

मला फुलपाखरांतलं इतकं कळत नाही. मग मी कसं तपासू?

मग तो तक्ता करू नका, किंवा ज्याला कळतं त्याला गाठा. हे उद्धट वाटेल, पण दुसरा मार्ग नाही. ज्या विषयात चूक ओळखता येत नाही, त्या विषयाचं चित्र यंत्राकडून घ्यायचं नाही. मला हृदयाच्या झडपांची नीट खात्री नाही, म्हणून हृदयाचा तक्ता मी पाठ्यपुस्तकातली आकृती समोर ठेवून हातानंच काढते.

मराठी अक्षरं इतकी का बिघडतात? आता तर सुधारलंय म्हणतात.

आपण संगणकावर 'कि' टाइप करतो तेव्हा आधी क आणि मग वेलांटी अशी नोंद होते. पण दिसताना वेलांटी क च्या आधी येते. 'क्ष'मध्ये तीन नोंदी मिळून एक आकार होतो. हे काम टंक म्हणजे फॉन्ट करतो, त्याचे नियम ठरलेले आहेत. चित्र काढणारं साधन टंक वापरतच नाही. ते अक्षर काढतं तसंच, जसं पान काढतं किंवा ढग काढतं, म्हणजे साधारण तसं दिसणारं काहीतरी. त्यात त्याच्या अभ्यासातली बहुतेक अक्षरं रोमन, देवनागरी कमी, आणि त्या देवनागरीतही हिंदी जास्त. त्यामुळे ळ ची दशा सर्वांत वाईट. माझ्या 'अळी'चं एकदा 'अली' झालं आणि एकदा ज्याला नावच नाही असं अक्षर झालं.

सुधारलं आहे, खरं आहे. नव्या साधनांत एकदोन शब्दांचा मथळा बरोबर येतो कधीकधी. मला त्याचीच जास्त भीती वाटते. पूर्ण बिघडलेलं अक्षर कुणीही पकडतं. पण 'फुलपाखरू'चा शेवटचा उकार ऱ्हस्व आला, तर घाईत मीही सोडून देईन. आणि तो तक्ता वर्षभर भिंतीवर असणार, मुलं त्यावरून वहीत उतरवणार. म्हणून आमचा नियम सरसकट आहे: चित्रात एकही अक्षर नको.

मग अक्षरं कशात टाकायची?

चित्र गूगल स्लाइड्स किंवा लिब्रेऑफिसमध्ये ठेवा आणि मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. मुक्त आणि बालू हे टंक फुकट मिळतात आणि लांबून छान वाचता येतात. पहिली-दुसरीच्या तक्त्यांसाठी मात्र ल आणि श नीट पाहा. बऱ्याच टंकांत ही दोन अक्षरं हिंदी वळणाची असतात. पहिलीच्या बाई मुलाकडून मराठी वळणाचा ल गिरवून घेत असताना भिंतीवर दुसरा ल नको. 'तिरो देवनागरी मराठी' नावाचा टंक खास मराठी वळणाचा आहे, तोही फुकट आहे.

नकाशा का नको? नकाशाचेच तक्ते तर सर्वांत जास्त लागतात.

कारण नकाशा 'साधारण तसा' चालत नाही. साधन भारताची बाह्यरेषा आठवून आठवून काढतं. उत्तरेची सीमा कुठेही वळते, अंदमान-निकोबार गायब होतात, लक्षद्वीप तर कधी येतच नाही. भारताचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळणारा नसेल आणि तो प्रसिद्ध केला, तर 1961च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर्गातल्या तक्त्यासाठी कुणी शाळेवर येईल असं मला वाटत नाही, पण तो फोटो शाळेच्या फेसबुक पानावर जातोच की. देहरादूनला मुख्यालय असलेल्या या विभागाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. तेच छापा.

महाराष्ट्राचंही तेच. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला आणि तेव्हापासून 36 जिल्हे आहेत. साधनाला जिल्हे मोजता येत नाहीत. मी गंमत म्हणून मागून पाहिलं, तर कोकणाला समुद्रच दोन्ही बाजूंनी होता.

राष्ट्रध्वज तर साधा आहे. तो का नको?

अशोकचक्राच्या आऱ्या मोजा. 24 हव्यात. साधनाच्या चित्रात त्या कधी 20 निघतात, कधी 30, आणि वाऱ्यावर फडकणारा ध्वज असेल तर मोजताच येत नाहीत. ध्वजाची लांबी आणि रुंदी 3 ला 2 या प्रमाणात हवी, तेही पाळलं जात नाही. 15 ऑगस्टच्या सजावटीसाठी आमच्याकडे मुलंच ध्वज रंगवतात आणि आऱ्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं 15-15 अंशांवर आखतात. चौथीला त्यातून भागाकारही होतो.

सावित्रीबाईंची जयंती आहे, त्यांचं सुंदर रंगीत चित्र एआयनं काढलं तर काय बिघडलं?

या प्रश्नावर वाद होतो, मला माहीत आहे. व्हॉट्सॲपवर दर 3 जानेवारीला अशी चित्रं फिरतात. चेहरा गुळगुळीत, त्वचा दोन छटा उजळ, डोळे सिनेमातल्या नटीसारखे. मुलं चौथीत जो चेहरा बघतात तो त्यांच्या डोक्यात कायमचा बसतो. आपल्याला उपलब्ध असलेल्या प्रतिमाच वापराव्यात, असं माझं मत आहे, आणि पत्रात मी ते बंधन म्हणून लिहिलं. आमच्याच एका सरांना ते पटलेलं नाही. ते म्हणतात, चित्रकारही कल्पनेनंच काढतात की. खरं आहे. पण चित्रकाराला विचारता येतं, ही साडी अशी का काढलीत.

'भारतीय शाळा', 'गावातली बाई' असं मागितलं की नेहमी गरीब, मळकट चित्र येतं. तुमचाही तोच अनुभव आहे का?

हो. 'शेतकरी' म्हटलं की पागोटं बांधलेला सुरकुतलेला म्हातारा. 'भारतीय कुटुंब' म्हटलं की लग्नाला निघाल्यासारखे कपडे. 'आपले मदतनीस' या तक्त्यासाठी मी 'डॉक्टर' आणि 'परिचारिका' मागितलं, तर पुरुष आणि बाई अशीच वाटणी आली. वर्णनात स्पष्ट लिहावं लागतं: जीन्स घातलेला, ट्रॅक्टरवर बसलेला तिशीतला शेतकरी; पन्नाशीच्या डॉक्टर बाई. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा दवाखान्यात परिचारक आहेत. तक्त्यावर तसा एक माणूस मी मुद्दाम घातला आणि तिनं तो पहिल्याच दिवशी ओळखला.

मुलांचे फोटो टाकून त्यांची कार्टून चित्रं केली तर मुलं खूश होतात. वाढदिवसाच्या फलकासाठी करू का?

नको. फोटो एकदा साधनात गेला की तो कुठे साठवला जातो, किती दिवस राहतो, पुढच्या प्रशिक्षणात वापरला जातो का, यावर तुमचा ताबा राहत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023चा कायदा 18 वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. प्रवेशाच्या वेळी घेतलेली एक सही म्हणजे ती संमती नव्हे. वाढदिवसाच्या फलकावर मुलानं स्वतः काढलेलं स्वतःचं चित्र लावा. आमच्याकडे एका पोरानं स्वतःला जेसीबी म्हणून काढलंय.

मुलांच्या हातात साधन द्यायचं नाही हेही याच कारणानं लिहिलं. बहुतेक साधनांच्या अटींत किमान वय दिलेलं असतं आणि आमची मुलं त्याच्या कितीतरी खाली आहेत.

कॉपीराइटचं काय?

शाळेच्या भिंतीपुरतं बोलायचं तर दोन गोष्टी पाळा. छोटा भीम किंवा दुसरं कुठलंही ओळखीचं पात्र मागू नका, आणि एखाद्या हयात चित्रकाराच्या शैलीत काढ असं सांगू नका. पाठ्यपुस्तकातलं पान साधनात टाकून 'हे चांगलं करून दे' असंही करू नका. तक्ता विकायचा किंवा स्पर्धेला पाठवायचा असेल तर साधनाच्या अटी नीट वाचाव्या लागतील.

छापल्यावर चित्र धुरकट का आलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि उत्तर साध्या गणितात आहे. फुकट साधनांतून चित्र बहुधा 1024 बाय 1024 ठिपक्यांचं मिळतं. ए-थ्री कागदाची रुंदी 29.7 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 11.7 इंच. एकच चित्र पूर्ण रुंदीत ताणलं तर इंचाला जेमतेम 88 ठिपके पडतात, आणि जवळ उभं राहिलं की ते कळतं. मी चार चित्रं 12-12 सेंटिमीटरची ठेवली, म्हणजे इंचाला दोनशेच्या वर ठिपके मिळाले. एक मोठं चित्र मागण्यापेक्षा एकेक अवस्था वेगळी मागण्याचा हाही फायदा झाला.

दुसरं, फाइल दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे ती दाबली जाते आणि तुमचे ठिपके कमी होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि पीडीएफच पाठवा. डीटीपीच्या दुकानात अजून युनिकोडच्या आधीचे टंक चालतात. मजकुराची उघडी फाइल दिली की तिथे रफार उडतात, मग दुकानातला मुलगा आपल्या मनानं पुन्हा टाइप करतो. माझा 'कोष' तिथून 'कोश' होऊन आला होता. एआयनं केलेल्या चुका पकडून झाल्यावर ही माणसानं केलेली चूक भिंतीवर गेली आणि तीन दिवस राहिली.

पडद्यावर झगमगणारा हिरवा कागदावर मळकट उतरतो, तेव्हा एक प्रत आधी साध्या आकारात काढून बघा. आणि फ्लेक्स नको. तो चकाकतो, खिडकीसमोर लावला की मागच्या बाकांवरून काही दिसत नाही. शिवाय त्यावर पेन्सिलीनं दुरुस्तीही करता येत नाही.

चित्रकलेची आवड असलेल्या सहकाऱ्यांना वाईट नाही वाटलं?

वाटलं. आमच्या शाळेच्या बोलक्या भिंती ज्या सरांनी रंगवल्या, ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हते. मी त्यांना तपासणीची सही करायला दिली आणि त्यांनी पहिल्याच नजरेत सांगितलं, "बाई, चित्रातल्या सावल्या दोन दिशांना पडल्यात. सूर्य किती आहेत तुमच्याकडे?" ते मला दिसलंच नव्हतं. आता चित्र निवडताना मी त्यांनाच विचारते. मुलांनी काढलेल्या चित्रांची जागा मात्र यातल्या एकाही तक्त्याला दिलेली नाही. तो फलक दाराशेजारी होता, तिथेच आहे.

मोठ्या बाईंनी काय उत्तर दिलं?

पत्र आठ दिवस त्यांच्या टेबलावर होतं. परत आलं तेव्हा सहा तक्त्यांच्या जागी 'सध्या तीन' असं केलेलं होतं, आणि दुरुस्तीसाठी एक वही ठेवावी असं समासात लिहिलं होतं: तारीख, तक्ता, चूक, कुणी पकडली. सोबतच्या बिघडलेल्या चित्रांपैकी सहांवर मी चुका लाल पेनानं गोल करून ठेवल्या होत्या. सातव्यातली हिरवी अळी मला छान आली असं वाटलं होतं, ती मी फक्त रंग पटला नाही म्हणून बाजूला ठेवली होती. त्यावर बाईंच्या पेन्सिलीचा गोल होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'पुढचे खरे पाय तीन जोड्या. इथे चार दिसतात. मोजा.'

मोजले. चार होते. वहीतली पहिली नोंद त्यांच्याच नावावर आहे.